दुसऱ्या मडक्यातला दगड

माझ्या थोरल्या बहिणीच्या वाटणीला सासरच्यांनी डोंगरकड्याजवळचं खडकाळ टेकाड दिलं. जिथं कुसळही धड उगवत न्हाई, ते! बाई विधवा, लेकरू न्हाई, तिला कशाला हवी काळी जमीन, असा हिशोब. तिच्या दिरानं तर हसत हसत सांगितलं, तुमाला दगड तरी मिळाले. ते हसणं आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पण सडकांची कामं निघाली आणि त्याच दगडाला भाव आला. नांदेडकडचा एक गुत्तेदार, म्हणजे सरकारी कामं घेणारा ठेकेदार, टेकाड मागायला आला. मी तेव्हा वसमतला वकिलाच्या हाताखाली कारकून होतो. निजामाचं राज्य होतं, हाली रुपया चालायचा. करार मीच लिहिला आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. टेकाडातून निघेल त्या सगळ्या दगडाला ब्रासमागं, म्हणजे शंभर घनफुटांमागं, आठ आणे मालकिणीला. याला वकीलसाहेब रॉयल्टी म्हणायचे. दगड कमी निघो की जास्त, वर्षाला निदान सहाशे रुपये द्यायचेच. रॉयल्टी सहाशेला पुरली न्हाई तर ती तूट गुत्तेदारानं पुढच्या दोन वर्षांत वळती करून घ्यायची, तीसुद्धा सहाशेच्या वर जे येईल त्यातूनच. दोन वर्षांत न्हाई फिटली तर तूट बुडाली. सहाशेला हात लागणार न्हाई, हे मी अक्काला तीन वेळा समजावून सांगितलं. त्या सहाशेवर ती वेगळं घर करून राहिली. दिराच्या चुलीपुढं हात पसरायची पाळी संपली, तिला आणखी काहीच नको होतं.

पहिल्या वर्षी आठशे ब्रास निघाला. चारशेची रॉयल्टी, दिले सहाशे, तूट दोनशे. दुसऱ्या वर्षी चौदाशे ब्रास, म्हणजे सातशे रुपये. वरचे शंभर गुत्तेदारानं तुटीत कापून घेतले, सहाशे दिले. शंभराची तूट उरली आणि तिला एकच वर्ष राहिलं. इथवर सगळं बराबर होतं.

अक्का दगड स्वतः मोजायची. फोडलेल्या दगडाचे दहा-दहा ब्रासचे चट्टे, म्हणजे चौकोनी ढीग, लावून ठेवायचे, ती काठीनं लांबी-रुंदी-उंची बघायची, चट्ट्यावर चुन्याचा पट्टा ओढायची म्हणजे तोच चट्टा दुसऱ्यांदा मोजात येऊ नये, आणि एक खडा मडक्यात टाकायची. तिला अक्षर येत नव्हतं. मी त्या मडक्याला हसायचो.

तिसऱ्या वर्षी गुत्तेदारानं टेकाडाची गाडीवाटेपलीकडची बाजू पोटगुत्त्यानं दुसऱ्याला दिली. हा दुसरा पुलाची कामं करायचा. कागद अक्काच्या संमतीसाठी माझ्याकडे आला. पोटगुत्तेदारानं गुत्तेदाराला ब्रासमागं बारा आणे द्यायचे, वर्षाला निदान साडेचारशे. मी वाचलं आणि अक्काला म्हणालो, उठव अंगठा, आपला व्यवहार एकाशीच आहे, पलीकडचा दगड त्या दोघांचा मामला, तो तू मोजू नकोस. वकिलाच्या कचेरीतली सवय, ज्याचं खातं त्याच्या पानावर! माझ्या त्या शहाणपणाला आग लागो.

वर्ष संपलं आणि गुत्तेदार हिशोब घेऊन थेट दिराच्या ओसरीवर जाऊन बसला, अक्काकडे न्हाई. दगड निघाला नऊशे ब्रास, रॉयल्टी साडेचारशे. सहाशे दिले म्हणजे नवी तूट दीडशे, जुनी शंभर, तुमच्या वहिनीकडे माझे अडीचशे निघतात, असं त्यानं सांगितलं. दीर लगेच दयाळू झाला. टेकाड माझ्या नावानं लिहून द्या वहिनी, अडीचशे मी बघतो, तुमी दोन वेळा आमच्यात जेवा. कागद तयार करूनच ठेवला होता लबाडांनी. अक्कानं मला वसमतला बोलावणं धाडलं.

मी तणतणत दिराकडे गेलो. अक्का मागून येऊन आत दाराआड उभी राहिली. ओसरीवर गुत्तेदार तक्क्याला टेकून पान जमवत होता. मी करार पुढं टाकला. तूट म्हणजे कर्ज न्हाई, म्हटलं, मालकिणीकडे एक छदाम निघत न्हाई. जुन्या शंभराची मुदत आज संपली, ते बुडाले. नवे दीडशे पुढं सहाशेच्या वर काही आलं तरच कापता येतील. दिराचं तोंड उतरलं. गुत्तेदार मात्र गालात हसला. चालंल, म्हणाला, दीडशेची तूट तेवढी लिहून द्या. मला वाटलं, जिंकलो! मी दौत उघडली.

अक्का दाराआडून म्हणाली, "जरा थांब."

ती बाहेर आली. दिरासमोर ओसरीवर ती कधी आली नव्हती. तिच्या दोन्ही बगलांत दोन मडकी होती. एक तिनं ओतलं, नव्वद खडे. ते गुत्तेदारानं मान्यच केले होते. मग दुसरं ओतलं.

"हे पलीकडचे. सत्तर हायेत. टेकाड माझंच हाय ना रे?"

माझ्या हातातली लेखणी तशीच राहिली. टेकाडातून निघेल त्या सगळ्या दगडाला, हे शब्द मी माझ्या हातानं लिहिले होते! दगड गुत्तेदारानं काढो की त्याच्या पोटगुत्तेदारानं, मालकिणीचे आठ आणे सुटत न्हाईत. आठाच्या वरचे चार आणे त्यानं खुशाल खावेत, तो त्याचा धंदा. हा तर पुरे बारा आणे गिळून बसला होता आणि वर तिलाच देणेकरीण करून राहिला होता. मला त्याचा संताप आला, दिराचा आला, पण सगळ्यांत जास्त माझाच आला. ती दीडशेची तूट मीच लिहून देणार होतो.

गुत्तेदार म्हणाला, बाईच्या खड्यांना कोण विचारतं. मी म्हणालो, तुमच्या पोटगुत्तेदाराची वही मागवू, सातशे ब्रासचे बारा आण्यांनी सव्वापाचशे त्यानं तुमाला दिलेत की न्हाई ते बघू. वही पुलावर होती, अर्ध्या कोसावर. कोणी उठलं न्हाई. गुत्तेदारानं पान बाजूला ठेवलं.

सोळाशे ब्रासचे आठशे झाले. सहाशेच्या वर दोनशे. मी तावातावानं म्हणालो, दोनशेही टाका, अशा चोराची कसली तूट कापायची! त्याची मान खाली गेली. खोटा हिशोब दाखवून त्याचे जुने शंभर बुडत होते, खरा दाखवून तेच त्याला मिळत होते, हे त्याच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं.

अक्का म्हणाली, "त्याचे शंभर त्याला कापून दे. करारात हाय ते. माझे शंभर मला पायजेत."

तिला सातशे मिळाले. सगळी तूट फिटली, नवी राहिली न्हाई. दिराचा कागद तिनं उचलला आणि चुलीत घातला.

निघताना मी तिला विचारलं, मोजू नकोस म्हटलं होतं, काहून मोजलंस? ती खडे मडक्यात भरत होती. तू म्हणालास तेव्हा माझ्या दिरासारखाच बोललास, हिला कशाला हवं म्हणून, म्हणाली, म्हणून मोजलं. पुढं पोलीस ॲक्शनच्या सालापर्यंत तो गुत्ता चालला. दर साली ती मला हिशोबाचा कागद वाचायला बोलवायची. मी वाचायचो, आणि ती मडकी पुढ्यात घेऊन प्रत्येक आकडा माझ्यासमोर ताडून बघायची.