डाव्या पानाची परवानगी

गणिताच्या बाईंना निवृत्तीनंतर शाळेकडून आलेलं हे पहिलंच पत्र. पाठवणारा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता त्याच शाळेत गणित शिकवणारा. बाईंनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं.

पत्र नेटकं होतं. तुमच्या हस्तलिखित टिपणांची आम्ही संगणकावर नक्कल करू इच्छितो. एका वेळी एकच वही नेऊ, पानांचे फोटो काढून ती परत करू. टाइप केलेला मजकूर आधी तुम्ही तपासाल, मगच तो मुलांना मोफत देऊ. लेखिका म्हणून तुमचं नाव राहील. परवानगी नाकारण्याचा, दिलेली मागे घेण्याचाही अधिकार तुम्हाला आहे.

बाई हुरळल्या. का हुरळू नये? याच वह्यांवरून मुख्याध्यापकांनी एकदा भर सभेत विचारलं होतं, "तुम्ही मुलांना चुका शिकवता का?" कारण बाईंची पद्धतच उफराटी. डाव्या पानावर एखाद्या मुलानं केलेली चूक. अर्धा अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. खाली त्या मुलाचा विचार: वरचे वर मिळवले, खालचे खाली. उजव्या पानावर तो विचार कुठे घसरला ते, आणि मग बरोबर रीत.

बाईंनी होकार लिहिला. अट एकच: डावं पान गाळायचं नाही. आणि पहिली वही दिली.

काही दिवसांनी तो विद्यार्थी वही आणि टाइप केलेल्या पानांचा नमुना घेऊन आला. बाई लाल पेन घेऊन बसल्या. अक्षर सुबक, अपूर्णांकांच्या रेघा सरळ. उजव्या पानावरचं 'आता डावीकडे बघ' हे वाक्यही इमानेइतबारे टाइप केलेलं. डावीकडे शाळेचं बोधचिन्ह होतं.

"बघून मुलांनी काय शिकायचं? हे चिन्ह?"

"बाई, चुकीचं उत्तर छापलं की पालकांचे फोन येतात. वरून सांगितलंय, फक्त बरोबर तेवढंच ठेवा."

"आणि तू?"

त्यानं चहाचा कप उचलून घोट घेतला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरच्यांचं त्यांनी आयुष्यभर ऐकून घेतलं होतं. हा तर त्यांनी घडवलेला.

नमुन्याच्या पाठीवरच त्यांनी लिहिलं: परवानगी मागे घेत आहे. खाली सही, तारीख.

या वह्या आता आपल्याबरोबरच जाणार, हे त्यांना कळत होतं. त्यांना भांडण हवं होतं. त्यानं एकदा तरी म्हणावं, बाई, असं करू नका, मी वर बोलतो. तेवढ्यावर त्यांनी तो कागद फाडून टाकला असता.

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, वही टेबलावर ठेवली.

"बरं, बाई," तो म्हणाला. आवाजात सुटल्याचा आनंद होता. "बाजारात तयार नोट्स मिळतात, त्या घेऊ आम्ही."