कुवेतमधला ‘सीदा’

विमान खाली येऊ लागलं तसं खिडकीतून नुसतं पिवळं मैदान दिसलं, आणि त्याच्या कडेला एकदम निळाशार समुद्र. मला वाटलं होतं तेलाच्या विहिरी दिसतील, आगीच्या ज्वाळा दिसतील. दिसल्या त्या सरळसोट रस्त्यांवरच्या गाड्यांच्या रांगा. विमानतळाच्या दारात माझा धाकटा भाऊ सुधीर उभा होता. मला पाहून तो एवढ्या मोठ्याने ओरडला की दोन अरब बायकांनी मागे वळून पाहिलं.

“ताई! सॉलिड दिसतेस! प्रवास बंडल झाला नाही ना?”

मी नाशिकच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. मुलांच्या तोंडचे शब्द ऐकत राहायची मला खोडच आहे. ‘बंडल’ हा शब्द माझ्या वर्गात शेवटचा कधी ऐकला ते मला आठवेना. सुधीर ऐंशीच्या दशकात पुण्याच्या हॉस्टेलवर शिकला आणि आखाती युद्ध संपल्यावर कुवेतच्या तेल कंपनीत लागला. हॉस्टेलच्या शब्दांची ट्रंक त्याने सोबत नेली आणि पुढे कधी बदललीच नाही.

त्याचं घर अबू हलीफाला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. भावजयीने, म्हणजे मेघनाने, गरम खुबूस (तंदुरात भाजलेली अरबी रोटी) आणि पिठलं पुढे ठेवलं. ही जोडी कोणी जुळवली देव जाणे, पण छान जमली होती. दहावीतली भाची केतकी शाळेतून आली, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “सीदा!”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे मस्त, आत्या. इट्स जस्ट अ वर्ड.”

दुसऱ्या दिवशी मी बकाल्यात (कोपऱ्यावरचं किराणा दुकान) गेले. दुकानदाराने चाखायला दिलेला खजूर खरोखर अप्रतिम होता, म्हणून मोठ्या ऐटीत म्हटलं, “सीदा!” त्याने नम्रपणे रस्त्याकडे बोट दाखवलं. मीही मुकाट्याने निघाले आणि थेट समुद्रावर पोचले. इथे टॅक्सीवाल्याला ‘सरळ चल’ सांगायचं तर ‘सीदा’ म्हणतात, हे मला संध्याकाळी कळलं. केतकी पोट धरून हसली आणि त्या हसण्याच्या भरात तिने शब्दाची सगळी कुळकथा सांगून टाकली.

त्यांच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर रस्ता मोकळा असला की “सीदा, सीदा!” म्हणत वळसा न घेता बस आणायचा आणि मुलं लवकर घरी पोचायची. सातवीतल्या एका मुलीने मग मधल्या सुट्टीत चांगल्या डब्यालाही ‘सीदा’ म्हटलं. कोणी लक्ष दिलं नाही. पण एक दिवस मागच्या सीटवरची रुबिना तेच म्हणाली आणि आठवड्यात अख्खी बस म्हणू लागली.

“रुबिना कोण?”

“रत्नागिरीची आहे. बारावीत. ती जशी ओढणी घेते ना, तशी सगळ्या घेतात.”

या रुबिनाला मी जाब्रिया नावाच्या भागात पाहिलं. केतकीची गणिताची शिकवणी तिथे असे आणि मी सोबत जात असे. तिथे चार शाळांची मुलं यायची, आणि इथूनच शब्द दुसऱ्या शाळांत गेला होता. मल्याळी पोरं तो लांबवून म्हणत, गोव्याची एक पोरगी शेवटी ‘मॅन’ जोडायची. रुबिनाला मी विचारलं, “हा शब्द तू काढलास?”

“नाय मावशी, मी कशाला काढतंय? मला आवडला, मी म्हटला. मग सगळीच म्हणायला लागली.”

शब्द कोण काढतो याला फारसं महत्त्व नसतंच. ज्याच्यासारखं व्हावंसं इतरांना वाटतं, त्याच्या तोंडी तो बसला की त्याला पाय फुटतात. माझ्या वर्गातही हेच व्हायचं.

सुधीर मात्र कासावीस होता. दहावी झाली की केतकी अकरावीला पुण्याच्या हॉस्टेलवर जाणार होती. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर आणि इंग्रजीत विचारलं तर नुसते खांदे उडवणं, एवढंच त्या दोघांचं बोलणं उरलं होतं. “ताई, चार महिने हातात आहेत,” तो मला म्हणाला. “नंतर ती पाहुण्यासारखी येणार. मला तिच्याशी तिच्यासारखं बोलायचंय.”

आणि तो बोलला. तेही माइकवर!

संक्रांतीचा तिळगूळ समारंभ इथल्या मराठी मंडळाने गुरुवारी संध्याकाळी ठेवला होता. मुलांचा नाच संपला आणि सूत्रसंचालक सुधीरराव गरजले, “काय मंडळी, नाच कसा झाला? एकदम सीदा!” मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका काकूंनी तर तिळाच्या वड्यांनाही ‘सीदा’ ठरवून टाकलं. पडद्याजवळ उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे पडले. केतकीने डोळे मिटून घेतले.

सुट्टीनंतर शाळेची बस सुटली तेव्हा तो शब्द कोणीही उच्चारला नाही. चुकून एका मुलाच्या तोंडून गेला तर रुबिना म्हणाली, “काय रे, अंकल झालास?” खेळ खलास. केतकीने बापाशी बोलणं सोडलं.

पुढच्या शुक्रवारी सुधीर मला शर्कच्या मासळीबाजारात घेऊन गेला. झुबैदी (आपली पापलेटं) चांदीसारखी मांडली होती, पण त्याचं लक्ष नव्हतं.

“मी काय वाईट बोललो गं?”

“वाईट नाही, उशिरा बोललास. अरे, तो शब्द मस्त म्हणण्यासाठी नव्हताच. त्याला आपल्याकडे शंभर शब्द आहेत. आपण कोण आणि ते कोण, हे कळावं म्हणून होता. आईबापच म्हणायला लागले तर पोरांनी तो कशाला ठेवायचा?”

“मग ‘झकास’ कसा टिकला?”

“तो सगळ्यांनीच म्हटला, कोणाचा खास राहिला नाही. असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. बाकीचे त्या पोरांबरोबर म्हातारे होतात. आणि आपण कोणत्या साली तरुण होतो, तेवढंच सांगत राहतात.”

“म्हणजे माझं ‘बंडल’?”

“तुझं ‘बंडल’ पुण्यात केव्हाच संपलं. तू इथे होतास, तुला कळवणार कोण?”

तो खो खो हसला, आणि मग झुबैदी न घेताच गाडीकडे वळला. मला त्याची फार दया आली. परतताना गाडीत तो म्हणाला, “लेकीचं मन वळवायला निघालो आणि तिचा शब्दच मारून बसलो.”

मी निघाले तेव्हाही बापलेकीत “मीठ दे” इतपतच बोलणं होतं. विमानतळावर केतकीने मला मिठी मारली, बाबाकडे बघितलंही नाही. घरोघरी मातीच्या चुली, असं स्वतःला समजावत मी नाशिकला आले. वाळू कपड्यांतून निघत राहिली, खजूर आठवड्यात संपले.

पाऊस सुरू झाला आणि केतकी पुण्यात दाखल झाली. एका रविवारी तिचा फोन आला. आवाज बारीक होता.

“आत्या, इथल्या मुली काय बोलतात ते मला अर्धं कळतच नाही. मी नुसती ऐकत बसते. माझे शब्द म्हटले तर सगळ्या माझ्याकडे बघतात.”

“आणि तुमची बस?”

“कसली बस! रुबिना रत्नागिरीला, कोणी कोचीला, कोणी कॅनडात. खालच्या वर्गातल्या मुलांचे शब्दच वेगळे आहेत म्हणे. आणि बाबा रोज फोन करतो. मेसचं जेवण कसं होतं विचारतो, आणि मी काही सांगायच्या आत स्वतःच म्हणतो, ‘सीदा ना?’”

“मग तू चिडतेस?”

“नाही,” ती म्हणाली. “आता जगात तो एकटाच तसं म्हणतो. मी त्याला म्हणू देते.”