जागं राहिलेलं जनुक

विंगेत दादा उभा आहे म्हटलं की नट निर्धास्त असायचे. हातात संहिता, नाकावरून घसरलेला चष्मा आणि सतत हलणारे ओठ. कुणाचं वाक्य घशात अडकलं की नेमका पुढचा शब्द त्याच्या कानात पडायचा, आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही त्याचा पत्ता लागायचा नाही. टाळ्या नटाला मिळायच्या. दादा त्या अंधारात उभा राहून ऐकायचा आणि पडदा पडला की सगळ्यांच्या आधी चहाच्या किटलीपाशी हजर व्हायचा.

त्याच्या धाकट्या बहिणीला सगळे ठमी म्हणत. लहानपणी ती गोलमटोल होती म्हणून दादानंच हे नाव पाडलं होतं. आता तिचे केस पिकले, अंगावरचं मांस झडलं, तरी नाव काही सुटलं नाही. आईवडील लवकर गेले. दादानं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजून मिळवलेल्या पैशांत तिला शिकवलं आणि ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जनुकांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झाली. "माझी बहीण रेणू तपासते," असं तो मेकअपच्या खोलीत छाती फुगवून सांगायचा. कुणी विचारलं, म्हणजे काय करते? तर म्हणायचा, "ते मला कळलं असतं तर मीच नसते का तपासले?"

अशा दादाला एका सकाळी 'चमचा' हा शब्द आठवेना.

"ते दे गं," तो बायकोला, ठमीच्या वहिनींना म्हणाला, "ते... ढवळायचं." वहिनींना वाटलं, नेहमीसारखी नक्कल चाललीय. त्या हसल्या. मग त्याला 'उशी' आठवेना, 'किल्ली' आठवेना, आणि मग वहिनींचं हसणं थांबलं.

मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. सर्जननी तिचा एक भाग काढला. बाकीच्याला हात लावणं शक्य नव्हतं. गाठ वाईट जातीची होती. दादाचं वय आणि झिजलेली तब्येत बघता दोन्ही उपचार एकदम झेपणार नव्हते. एक तर घरी बसून गोळ्या घ्यायच्या, नाही तर रोज येऊन किरणं घ्यायची. यातलं काय निवडायचं, ते एका तपासणीवर ठरणार होतं. ती तपासणी ठमीच्याच टेबलावर व्हायची.

"किरणं नकोत," दादानं आधीच सांगून टाकलं. "तिथं म्हणे तोंडावर जाळी बसवून टेबलाला आवळतात. जन्मभर तोंडावर पोट भरलं मी. ते बांधून पडून राहू? गोळ्या असतील तर बोल."

"ते मी ठरवत नाही रे. तुझी गाठ ठरवणार."

"मग समजाव तिला. तुझं ऐकेल."

ठमी त्याच्या पलंगावर बसली आणि त्याला समजेल अशा भाषेत सांगू लागली. "तुझ्या प्रत्येक पेशीत तीच संहिता आहे बघ. डोळ्यातही तीच, यकृतातही तीच. मग डोळा यकृतासारखं का वागत नाही? कारण प्रत्येकीनं काही पानं बंद करून ठेवलेली असतात. तुझ्या प्रतीत तू काय करायचास? दिग्दर्शकानं प्रवेश कापला की?"

"वरून चिठ्ठी डकवायचो. लेखकाचा शब्द खोडायची माझी काय टाप!"

"तसंच आहे. अक्षर एकही बदलत नाही. अक्षरांवर मिथाइल नावाची बारीकशी खूण बसते. जनुक सुरू होतं त्या जागी अशा खुणा दाटल्या की पेशी ते वाचत नाही. आणि सगळा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांवरच्याही खुणा बदलतात, रिळं एकमेकांना घट्ट चिकटतात, की झालं. पुस्तक करकचून बांधून माळ्यावर टाकल्यासारखं."

"आणि माझ्या गाठीत काय बांधलेलं हवंय तुला?"

"दुरुस्तीचं जनुक. गोळी गाठीच्या पेशीची संहिता नासवते, आणि ते जनुक जागं असेल तर त्याचं प्रथिन लगेच तो नास दुरुस्त करतं. मग गोळी फुकट. ते झोपलेलं असेल तर गोळी लागू पडायची शक्यता बरीच."

दादानं छताकडे बघून हात जोडले. मग म्हणाला, "म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी प्रार्थना करायची ती कुणीतरी वाक्य विसरावं म्हणून."

घरातल्या माणसाचा नमुना स्वतः हाताळायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर, वयानं ठमीपेक्षा लहान होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही नका करू. मी करते." ठमीनं हात जोडले. "मॅडम, हे काम मी डोळे मिटून करते. दुसऱ्या कुणी केलं तर मला झोप लागणार नाही." मॅडमना नाही म्हणवेना. डोळे मिटून, हे शब्द ठमीला नंतर फार टोचले.

मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याच्या तिनं पातळ चकत्या काढल्या, मेण धुवून डीएनए वेगळा केला. आता त्याला बायसल्फाइटची प्रक्रिया द्यायची होती. हे रसायन मोठं चतुर. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ज्या 'सी'वर मिथाइलची खूण नाही ते बदलतं, आणि पुढे मशीनला ते 'टी' दिसतं. खूण असलेलं 'सी' तसंच राहतं. म्हणजे शेवटी मोजायचं इतकंच, की 'सी' किती उरले.

किती डीएनए घालायचा याला मर्यादा आहे. नव्या पोरांना ठमीच ओरडायची, "जास्त घालाल तर रसायन पुरं पडणार नाही, कळलं?" पण त्या दिवशी नळीत दादा होता. तुकडा अपुरा पडेल, खूण पुसट दिसेल, काही निसटेल, अशी तिला धास्ती. तिनं नळी तिरकी केली, पिपेटनं तळापर्यंत ओढलं आणि होतं नव्हतं ते सगळं एकाच नळीत घातलं. ताटात वाढताना हात सैल सुटावा, तसा सुटला.

मशीननं आकडे दिले. 'सी' भरपूर उरले होते. खुणा दाट. जनुक झोपलेलं.

मॅडमची सही व्हायची होती. सहीआधी निकाल कुणालाही सांगायचा नाही, ही दुसरी रीत. ठमी जिन्याखाली गेली आणि घरी फोन लावला.

"दादा, झोपलंय रे ते! गाढ झोपलंय!"

पलीकडे फोन हातातून हातात गेला. मग वहिनींचा आवाज. "अहो, रडतायत हो हे. हसतायत पण. काय सांगितलंत?"

ती परत आत आली ती सहीसाठी आलेख छापायला. आणि तेव्हा तिनं तो नीट पाहिला. आलेखात एक राखणदार ठेवलेला असतो. एक असं 'सी', ज्याच्या पुढे 'जी' नाही. अशा जागी या तपासणीत खूण अपेक्षितच नसते. त्यामुळे ते पूर्णपणे 'टी' झालेलं दिसायला हवं. तसं झालं, तरच रसायनानं काम पुरं केलं असं समजायचं. तिथं 'सी'चा खांब उभा होता. मशीननं बाजूला लाल खूणही केली होती. तिनं फक्त निकालाचा आकडा वाचला होता.

उरलेले 'सी' दादाच्या गाठीचे नव्हते. ते तिच्या सैल सुटलेल्या हाताचे होते.

तिला क्षणभर वाटलं, छापू नये. लाल खूण कुणाला दिसते? मग तिला वाटलं, मॅडमना दिसते. आणि मग, मला दिसली आहे.

मॅडमनी आलेख पाहिला, तिच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. "बाकीचे नमुने?"

"त्यांच्यात राखणदार ठीक आहे. त्यांच्यात मी मापानं घातलं होतं."

"ताई, मेणाच्या ब्लॉकमध्ये किती उरलंय?"

"नखाएवढं."

"यावेळी मी करते. तुम्ही तिकडे बसा. आणि घरी फोन करू नका."

"केलाय," ठमी म्हणाली.

मॅडमनी डोळ्यांवर हात ठेवला आणि मग हातमोजे चढवले.

ठमी खुर्चीवर बसून राहिली. नमुने येत होते, जात होते, सेंट्रिफ्यूज घरघरत होतं. घरी दादानं शेजाऱ्यांना बोलावून गोळ्यांची गोष्ट सांगितली असेल, मध्ये शब्द अडला की वहिनींनी पुरवला असेल. तिला दिसत होतं सगळं.

दुसऱ्या दिवशी आलेल्या आलेखात राखणदार पूर्ण 'टी' झाला होता. बाकीचेही जवळजवळ सगळे 'टी'. खुणा नव्हत्याच. जनुक टक्क जागं होतं.

घरी दादा उशांना टेकून बसला होता, दाढी केलेला. तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. आत गेली असती तर सांगवलं नसतं. "माझी चूक झाली. ते जागं आहे."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, पण काल तर तुम्ही..."

"काल मी चुकीचं सांगितलं, वहिनी."

दादाला राग आला. राग आला की त्याचे शब्द आणखी पळायचे. "तू... तू ते..." हात हवेत. ठमीला शब्द माहीत होता आणि तो पुरवायची तिची हिंमत नव्हती. शेवटी त्याला तो सापडला. "तमाशा केलास माझा!"

"हो."

"पहिला कागद दे. तोच डॉक्टरांना दे. कोण बघतंय?"

"तो खोटा आहे, दादा."

"असू दे खोटा! मला गोळी घेऊन घरी मरायचंय. तेवढं तरी..."

"डॉक्टर म्हणाले, गोळीनं काहीच होणार नाही असं नाही, पण भरवसा नाही. किरणांनी थोडे तरी महिने जास्त मिळतील."

"मग तू झोपव ना त्याला. खूण डकव. तुझ्या हातात एवढं नाही?"

"खुणा सरसकट पुसणारी औषधं आहेत रे. पण माणसाच्या गाठीत हवी तिथं नेमकी एक खूण बसवायची, ते अजून कुणाला जमलेलं नाही. हातात असतं तर मी..." तिचंच वाक्य अडकलं. तिला कुणी पुढचा शब्द दिला नाही.

दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. चहा गार झाला. वहिनींनी तो नेला, दुसरा आणला, तोही गार झाला. मग भिंतीकडे तोंड असतानाच तो म्हणाला, "किती महिने?"

"सांगता येत नाही."

"अंदाजानं बोल. खोटं तर कालच बोलून झालंय तुझं."

"थोडे," ती म्हणाली. "पण तुझे."

किरणोपचार विभागात प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ करून ठेवला होता. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "मास्क बनवताना किरणं नसतात. थांबायचं तर थांबा." पत्रा चेहऱ्यावर दाबला गेला; कपाळ, नाक, ओठ, सगळ्याचा ठसा उमटत गेला आणि हळूहळू कडक झाला. कडा टेबलाला अडकवल्या. दादाचा हात चाचपडत होता. ठमीनं आपला हात पुढे केला. त्यानं तो इतका आवळला, की तिची बोटं पांढरी पडली.

जाळीखालून तो काहीतरी बोलला. ओठ हलत नव्हते, आवाज नाकातून आला. तिनं कान अगदी जवळ नेला.

"काय म्हणतोस?"

पुन्हा तोच आवाज. शब्द कळला नाही. तो रागाचा होता की भीतीचा, हेही नाही.

"बाई, आता स्कॅन घ्यायचाय," तंत्रज्ञ म्हणाला. "बाहेर व्हा."

तिला दादाची बोटं एकेक करून सोडवावी लागली. जाड दार मागून बंद झालं. वर लाल दिवा लागला, आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. आत तो काय म्हणाला असेल, ते जुळवत.