टीव्हीची चार भोकं

शिवणवाल्या ताईंना परवानगी मागायची भारी सवय. नळाचा वॉशर बदलायचा तरी घरमालकांना विचारणार. नवरा म्हणायचा, "अगं, शिंकायच्या आधीही विचारून घेत जा एकदा!"

तर भावानं भला थोरला टीव्ही दिला आणि तो बसला नेमका कापड बेतायच्या टेबलावर. आता बेतायचं कुठे, डोक्यावर? टीव्ही भिंतीवर गेल्याशिवाय गत नव्हती. ताईंनी मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला: "काका, नमस्कार. हॉलच्या भिंतीवर टीव्ही लावायचाय. ब्रॅकेटसाठी चार भोकं पाडावी लागतील. घर सोडताना बुजवून, रंग मारून देऊ. चालेल का?" सोबत भिंतीचा फोटो. गेला एकदाचा.

मग त्यांनी तो फोटो नीट पाहिला. कोपऱ्यात शिलाई मशीन, शेजारी गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा हा ढीग! करारात स्वच्छ लिहिलेलं, घर फक्त राहण्यासाठी, धंद्यासाठी नाही. आणि नवऱ्याची नोकरी गेल्यापासून चूल पेटत होती ती त्या मशीनवरच. ताईंनी घाईघाईनं फोटो डिलीट केला. पण निळ्या खुणा आधीच उमटलेल्या. आता काय कपाळ!

बाईला बसवेना की उभं राहवेना. दूध उतू गेलं, एका ब्लाऊजची बाही उलटी लागली, पुन्हा उसवावी लागली.

"पाहिला नसेल गं," नवरा म्हणाला.

"तू गप रे! घर खाली करा म्हणाले तर कुठे जायचं, सांग."

संध्याकाळी फोन वाजला.

"ती भिंत नको," घरमालक म्हणाले. "मागे बाथरूम आहे, पाइप आतून गेलाय. ड्रिल लागलं की घरात कारंजं. बाजूच्या भिंतीला लावा. मशीन ठेवलंय ना, तिथे."

ताईंनी नकळत मशीनवर कापड ओढलं.

"कधीपासून शिवताय?"

"आल्यापासून." खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"टीव्हीसाठी एवढं विचारलंत. मशीनचं का नाही विचारलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"टीव्हीलाही नाही म्हणू शकतो की मी."

"म्हणा ना, काका!" ताईंचा आवाज चढला आणि रडूही फुटलं. "टीव्ही नसला तर आम्ही उपाशी नाही राहत."

"मग जे खरं विचारायचंय ते लिहून पाठवा," म्हणून घरमालकांनी फोन ठेवला.

या खेपेला ताईंनी नमस्कारही घातला नाही. "घरात शिवणकाम करते. त्यावरच आमचं चालतं. करू द्या." पाठवलं आणि फोन नवऱ्याच्या हातात कोंबला. "तूच बघ. माझ्यानं नाही बघवणार."

उत्तर लगेच आलं. नवऱ्यानं मोठ्यानं वाचलं, "करा. बाहेर पाटी लावू नका, रात्री मशीन चालवू नका. टीव्हीचं काय ठरलं?"

ताई मशीनपाशी जाऊन बसल्या.

"काय लिहू?" नवऱ्यानं विचारलं. "अगं, टीव्हीचं काय?"

तो कशाबद्दल बोलतोय, हेच ताईंना आधी कळेना.