नाव न घेता लिहिलेला आढावा

दोन वर्षं खपून लिहिलेला माझा अध्याय मॅडमनी दहा मिनिटांत चाळून मिटला. आपल्याकडच्या केळीवाल्यांनी ठिबक सिंचन का स्वीकारलं, हा माझा पीएच.डी.चा विषय, आणि मॅडम माझ्या मार्गदर्शक. आधी झालेल्या संशोधनाचा आढावा असा तो अध्याय होता. साठेक शोधनिबंध, सालवारीने लावलेले, प्रत्येकाला एक परिच्छेद. अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांना असे आढळले. एकही सुटला नव्हता, याचा मला कोण अभिमान.

"ही यादी झाली," मॅडम म्हणाल्या. "आता फाइल बंद ठेव आणि एकाचंही नाव न घेता सांग, या सगळ्यांना मिळून काय कळलंय?"

मला दोन वाक्यंही जमली नाहीत. त्यांनी अट घातली. कुठलाही परिच्छेद नावाने सुरू करायचा नाही. पहिलं वाक्य माझ्या मुद्द्याचं, नावं मागून कंसात. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. महिन्याभरात हा अध्याय मंजूर झाला नाही तर माझी नोंदणीच रद्द होणार होती. कॉलेजमधून रिक्षात बसले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

लोधीपुऱ्यातल्या घरी सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या. मी सगळा राग त्यांच्यापुढे ओकला. नाव न घेता कुणी बोलू शकतं का, असंही तावातावाने म्हणाले, आणि मग माझं मलाच हसू आलं. या बाईंनी उभ्या आयुष्यात मामंजींचं नाव घेतलेलं नाही, आणि मामंजींबद्दल त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, मला सांग, नाव न घेता.

मग रोज दुपारी तेच. मी प्रत्येक निबंधातला एकेक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर उतरवला. एकाच निबंधाच्या कधी तीन चिठ्ठ्या झाल्या आणि तीन ढिगांत गेल्या. सालवारी मोडताना जिवावर आलं. ठिबक कोण बसवतं, पाणी किती वाचतं, पुढे देखभाल कशी होते, असे ढीग पडले. पहिल्याच ढिगात भांडण निघालं. काही म्हणत होते, मोठ्या शेतीवालेच ठिबक स्वीकारतात. काही म्हणत, शेतीच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. माझ्या जुन्या अध्यायात ही दोन्ही मतं पाठोपाठच्या पानांवर सुखाने नांदत होती आणि मला पत्ताही नव्हता.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आपल्या तुकईथडच्या वावरात नळ्या बसवल्या, तवा साहेब लोक लिहून गेले. तीन सालांनी गुंडाळून खोलीत टाकल्या, तवा कोनी इचाराले आलं नाही. हे तुझे लोक कवा गेले होते इचाराले?"

मला माहीत नव्हतं. साठ निबंध वाचून मला हे माहीत नव्हतं, याची लाज वाटली. सगळे पुन्हा काढले आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: शेतकऱ्याला कधी विचारलं, आणि 'स्वीकारलं' म्हणजे काय धरलं. बहुतेकांनी बसवलं की स्वीकारलं असं धरलं होतं. मोठी शेती महत्त्वाची ठरली ती बहुतेक तिथेच. काही वर्षांनी जाऊन अजून चालू आहे का हे पाहणारे थोडे, आणि त्यांच्याकडे नळ्या बुजणं, दुरुस्तीची सोय यांनाच जास्त वजन होतं. दोन निबंध यात बसेनात. त्यांना दडपलं नाही, अपवाद म्हणून मांडलं. डझनभर कशाच्याच कामाचे नव्हते, ते काढून टाकले.

आता अध्यायाला कणा होता. बसवणं आणि चालू ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकच धरल्यामुळे निष्कर्ष भांडतात, आणि चालू ठेवण्याबद्दल आपल्याला फार कमी माहीत आहे. माझा संशोधनाचा प्रश्नही तिथूनच निघाला.

मॅडमनी या वेळी तासभर वाचलं. मधे एकदा पेन्सिलीने एक कंस दुरुस्त केला. मग सही केली आणि म्हणाल्या, चहा घेऊन जा. मी त्यांच्यावर किती चिडले होते ते त्यांना कधी कळलं नाही. त्यांचे उपकार मात्र मी विसरणार नाही.

प्रबंध छापायला देण्याआधी ऋणनिर्देशाचं पान सासूबाईंना वाचून दाखवलं. घरात त्यांना कुणी आई म्हणतं, कुणी काकू, कुणी आजी. त्यांचं स्वतःचं नाव रेशनकार्डाबाहेर सहसा कुणी घेत नाही. मॅडमची अट मी दोनशे पानं पाळली होती. या पानावर पहिला परिच्छेद मी नावाने सुरू केला, त्यांच्या नावाने. पान संपल्यावर त्या म्हणाल्या, ते पहिलं परत वाच.