घरी बसलो नव्हतो

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते. साहेबाशी भांडून मी लालबागच्या गिरणीतली जॉबरकी, म्हणजे मागांची देखभाल आणि मुकादमी, सोडली. मग मदनपुऱ्यातल्या छोट्या कारखानदारांचे माग बिघडले की ते मला बोलवायचे. मी दोष सांगायचो, माग लावून द्यायचो आणि कामाप्रमाणे पैसे घ्यायचो. बायको गावी होती. सकाळी भोंगा झाला की चाळ रिकामी व्हायची आणि मी एकटा उरायचो.

पुढे परळच्या गिरणीत जॉबरची जागा निघाली. शेजारी म्हणाला, "आई आजारी होती, गावाला गेलेलो, असं सांग रे. नायतर बेकार समजतील."

आई ठणठणीत होती. नोकरीसाठी तिला कशाला आजारी पाडू?

विणकाम खात्याच्या मास्तरांनी विचारलंच, "मधले दिवस घरीच बसलात वाटतं?"

"नाही. मदनपुऱ्यात तीन कारखान्यांचे माग बघत होतो. मालकांना विचारा. पावसाळ्यात मात्र कुणी बोलावलं नाही, तेव्हा घरीच होतो."

"गिऱ्हाईक होतं, मग नोकरी कशाला?"

याचं उत्तर मी ठरवून आलो नव्हतो. "काम होतं साहेब, संगत नव्हती. खानावळीचा डबा रोज एकट्यानं खाववत नाही."

ते हसले नाहीत. मालकांकडे माणूस पाठवून त्यांनी खात्री केली आणि मला घेतलं.

पहिल्या दुपारी डबा घेऊन खात्यातल्या लोकांजवळ गेलो. सगळे अनोळखी. कुणी सरकून जागा दिली नाही. मीही मागितली नाही; बाजूला बसून एकट्यानंच डबा उघडला.