दोन अर्ज, एक छेद

आर्किटेक्चरची परीक्षा देऊन मद्रासहून परतलो, तेव्हा अप्पांची दृष्टी जवळजवळ गेली होती. आई नव्हती. त्यांना सोडून परगावी नोकरी करणं शक्य नव्हतं. तंजावुरात आर्किटेक्टचं ऑफिस एकच, दोन खोल्यांचं, आणि जागाही एकच. ती मला हवी होती, तशी माझ्या वर्गातल्या पापनाशमच्या मित्रालाही.

टाइपरायटर आमच्याकडे, म्हणून दोघांनी अर्ज आमच्याच घरी लिहिले. कॉलेजात आम्ही ओरत्तनाडूच्या जुन्या छत्राची, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेची, मापं घेऊन नकाशे केले होते. प्लॅन त्याचा, इमारत उभी कापून दाखवणारा छेद माझा. दोघांच्याही पोर्टफोलिओत त्याहून देखणं काही नव्हतं, म्हणून दोघांनी त्याच प्रिंट जोडल्या. मी अर्जात वाटणी सरळ लिहिली. पोर्टफोलिओतलं एका शाळेचं डिझाइन तेवढं माझं एकट्याचं, हेही लिहिलं.

कलेक्टर कचेरीत जन्मभर अर्ज वाचलेल्या अप्पांना मी ते वाचून दाखवलं. ते वैतागले. "अस्कं मीच केलों म्हणून लिही रे, प्लॅन नि छेद दोन्ही. वाटण्या सांगत बसलास तर तुला कोण घेईल?"

मी मुलखाचा हट्टी, एक अक्षरही बदललं नाही. मित्रानं मात्र अप्पांचं ऐकलं.

मुलाखतीला आधी तो आत गेला. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता. मी गेलो, तर टेबलावर दोघांच्या अर्जांतल्या त्याच छेदाच्या प्रिंट शेजारी शेजारी. साहेबांनी तमिळमध्ये विचारलं, "गच्चीची जाडी तुटक रेघांनी का दाखवली?"

"वरून खालून मापं घेतली, पण आत काय आहे ते दिसलं नाही. तुळयांवर उभ्या विटा आणि चुना असावा, असा अंदाज. दिसलं नाही ते सलग रेघेनं कसं काढणार?"

"तुमचा मित्र म्हणाला, शोभेसाठी."

मित्राबद्दल त्यांनी आणखी काही विचारलं नाही. सोमवारपासून या, म्हणाले. आनंद झालाच, खोटं कशाला बोलू? पण बाहेर तो बाकावर बसला होता, आणि त्याच्याकडे बघवेना.

काही महिन्यांनी त्याला तिरुचीला सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. पास होऊन आलेल्या आर्किटेक्टला हे काम खालचंच. तरी तो पेढे घेऊन अप्पांच्या पाया पडायला आला.

अप्पा खूश. "पाहिलंस? माझं ऐकलास म्हणून लागली."

मला त्यांचा असा राग आला की, तंजावुरातली जागा त्याच सल्ल्यानं गेली, हे सांगायला मी तोंड उघडलंच. मित्रानं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको. अप्पांना ते दिसलं नाही.

"हो अप्पा," तो म्हणाला, "तुमच्यामुळंच."